हल्ल्याच्या आठवड्यातला ‘नॉर्मल’ जी६पीडी रिपोर्ट फाइलला लावून मोकळे होऊ नका

जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी अचानक फुटायला लागतात, म्हणजे हल्ला येतो, सगळे धावपळ करतात, तपासणीला रक्त जातं आणि रिपोर्ट येतो: नॉर्मल. मग निदान खोडलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की त्या आठवड्यातला नॉर्मल रिपोर्ट ‘कमतरता नाही’ असा वाचणं ही चूक आहे, आणि तिची किंमत पेशंट पुढच्या वेळी मोजतो.

असं का होतं ते नीट समजून घेऊ. तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. हाडांच्या मगजातून बाहेर पडताना जेवढी शिदोरी मिळाली तेवढ्यावर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. जी६पीडीचं काम एनएडीपीएच हा रेणू तयार करत राहण्याचं. त्याच्या जोरावर ग्लुटाथायोन हे पेशीचं रक्षण करणारं द्रव्य ताजंतवानं राहतं आणि ऑक्सिडेशनचा मारा झेलतं. निरोगी माणसात हे एन्झाइम निम्म्यावर यायला साधारण ६२ दिवस लागतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या ‘ए मायनस’ प्रकारात मात्र १३ दिवसच. म्हणजे या माणसाच्या शरीरात एकाच वेळी दोन तऱ्हेच्या पेशी फिरत असतात: नव्या, ज्यांच्याकडे बऱ्यापैकी एन्झाइम आहे, आणि जुन्या, ज्या जवळजवळ रित्या झाल्या आहेत.

ऑक्सिडेशन वाढवणाऱ्या औषधाचा मारा झाला की आधी फुटतात त्या जुन्या पेशी. उरतात त्या नव्या, आणि तूट भरून काढायला मगज आणखी कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, बाहेर ढकलतो. त्या वेळी सुई टोचून काढलेल्या नमुन्यात कमी एन्झाइमवाल्या पेशी जवळपास नसतातच. मशीन खोटं बोलत नाही. जे उरलं ते मोजतं.

एक उदाहरण धरून चालू. ६० किलो वजनाचा पुरुष, ए मायनस प्रकार, पण हे कुणालाच माहीत नाही. व्हायवॅक्स मलेरिया झाला म्हणून प्रायमाक्विन सुरू झालं, रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवसांसाठी. सुरुवातीला हिमोग्लोबिन १३. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी गडद, डोळे पिवळे, कंबर दुखतेय. लघवीच्या पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत. हा फरक महत्त्वाचा आहे: पेशी नाही, फुटलेल्या पेशीतलं हिमोग्लोबिन लघवीत उतरलंय. पाचव्या दिवशी हिमोग्लोबिन ८.५. काचेवर पसरून पाहिलेल्या रक्तात, म्हणजे स्मिअरमध्ये, कडेचा लचका तोडल्यासारख्या पेशी. औषध बंद झालं, ते बरोबरच झालं.

आठव्या दिवशी जी६पीडी तपासलं. आकडा आला ७, आणि लॅबची खालची मर्यादा ६. नॉर्मल! पण त्याच दिवशीच्या रिपोर्टमध्ये रेटिक्युलोसाइट १२ टक्के आहेत, आणि खरी गोम तिथेच आहे. इतक्या कोवळ्या पेशी असताना निरोगी माणसाचा आकडा मर्यादेच्या खूप वर जायला हवा होता. तो काठावर रेंगाळतोय हाच संशयाचा मुद्दा. तीन महिन्यांनी तीच तपासणी केली तर आकडा १.२ येईल, कारण तोवर पेशी पुन्हा म्हाताऱ्या झालेल्या असतात.

आता समजा ही दुसरी तपासणी झालीच नाही. व्हायवॅक्स यकृतात लपून राहतो आणि उलटतो. पुन्हा ताप आला, फाइलमध्ये ‘नॉर्मल’ लिहिलेलं, पुन्हा तेच रोजचं औषध. खरी स्थिती माहीत असती तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे आठवड्यातून एकदा किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे या माणसाला ४५ मिलिग्रॅम, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याचा विचार झाला असता.

जुन्या पेशी आधी फुटतात हे १९५० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉयच्या तुरुंगातल्या कैद्यांवरच्या प्रयोगांतून कळलं. किरणोत्सारी क्रोमियमने खूण केलेल्या पेशींचा माग काढला गेला. (कैद्यांवर असे प्रयोग करणं योग्य होतं का, हा प्रश्न टाळता येत नाही, मला ते योग्य वाटत नाही.) रोज ३० मिलिग्रॅम प्रायमाक्विन चालू ठेवूनही काही दिवसांनी हिमोग्लोबिन चढू लागलं, कारण फुटण्याजोग्या पेशी संपल्या होत्या. एन्झाइमची कमतरता १९५६ मध्ये उलगडली. पण ‘आपोआप थांबतं’ हे सगळ्यांना लागू करू नका. भूमध्य सागरी प्रकारात एन्झाइम काही तासांतच निकामी होतं, नव्या पेशीही सुरक्षित नसतात, आणि हल्ला जिवावर बेतू शकतो. त्या प्रकारात हल्ल्यातला रिपोर्टही बहुधा कमीच येतो. फसवतो तो सौम्य प्रकारात.

फावा बीन म्हणजे बाकला खाऊनही पेशी अशाच फुटतात. त्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन असतं. आतड्यात त्यांचं डिव्हिसिन आणि आयसोयुरामिल होतं आणि ते ग्लुटाथायोन संपवतात. कोवळे, कच्चे दाणे सर्वांत धोक्याचे; शिजवल्याने भरवसा येत नाही. खाल्ल्यावर साधारण एक ते दोन दिवसांत मूल फिकट पडतं, किरकिरतं, लघवी गडद होते. एकदा पचलं म्हणून पुढच्या वेळीही पचेल असं नाही. पण म्हणून राजमा, वाटाणा, सोयाबीन, सगळंच बंद करणाऱ्या याद्या फिरतात, त्या मला पटत नाहीत. दोषी आहे तो बाकलाच.

औषधांचंही तसंच. प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, डॅप्सोन, रासब्युरिकेस, पेग्लोटिकेस, मिथिलिन ब्ल्यू, नायट्रोफ्युरँटॉइन, फेनाझोपायरिडिन ही नावं पक्की लक्षात ठेवावीत, आणि कपड्यांत ठेवायच्या नॅप्थलीनच्या गोळ्याही. नेहमीच्या डोसातलं पॅरासिटामॉल मात्र विनाकारण बदनाम आहे. ताप-न्युमोनियासारखा संसर्ग स्वतःच पेशी फोडतो, आणि त्याच वेळी दिलेल्या गोळीवर आळ येतो.

रक्त चढवलं असेल तर गोंधळ दुप्पट, कारण रिपोर्टमध्ये दात्याच्या पेशींचं एन्झाइमही मोजलं जातं. त्यानंतरही तीन महिने थांबावं लागतं. तोवर पेशंटला कमतरता आहे असंच धरून चालायचं, वरची औषधं टाळायची, आणि डिस्चार्ज कार्डावर ‘हल्ल्यादरम्यानचा नमुना, अमुक तारखेला पुन्हा तपासणे’ असं तारखेसह लिहून घ्यायचं.

या तीन महिन्यांत एक काम लगेच करता येतं. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून पुरुष पेशंटला तो आईकडून येतो. त्याचे सख्खे भाऊ आणि मामा यांच्या पेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळे त्यांचा आकडा फसवा नसतो. आई आणि बहिणींची तपासणी करताना नुसती ‘हो-नाही’ सांगणारी चाचणी पुरत नाही. वाहक स्त्रीत अर्ध्या पेशी धडधाकट आणि अर्ध्या कमकुवत असू शकतात, आणि एन्झाइम ३० टक्क्यांच्या वर असेल तर ती चाचणी सहसा ‘नॉर्मल’ म्हणते. तिथे आकडा देणारी चाचणीच मागा.