ठराव वाचायचा नसतो, जोडायचा असतो

बाणेरला कंपनीच्या नावाने ऑफिस विकत घ्यायचं ठरलं. टोकन दिलं, खरेदीखताचा मसुदा आला आणि मागोमाग बिल्डरच्या वकिलांचा निरोप: "संचालकांना अधिकार दिल्याचा बोर्डाचा ठराव लेटरहेडवर पाठवा." आता तुमच्यासमोर एक टाइप केलेलं पान येईल आणि ते वाचायचा मोह तुम्हाला होईल. आवरा. कंपनीचा ठराव खरेदीखताच्या मागे स्टेपल मारण्यासाठी असतो. वाचत बसलात तर उरकणार कधी?

नव्याने लिहायच्या फंदात तर मुळीच पडू नका. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर `BR_final_new_2.doc` नावाची फाइल असेलच. तिच्यात 1956 चा कंपनी कायदा अजून लागू असतो. 2016 साली बंद झालेलं कंपनी लॉ बोर्ड तिथे अजून सुनावण्या घेतं. 2019 च्या एप्रिलमध्ये बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झालेल्या विजया बँकेत कंपनीचं चालू खातं चालू असतं. तुम्ही फक्त तारीख बदला. वार बदलू नका. 'सोमवार' कुठल्याही तारखेला शोभतो.

आता काळाचा प्रश्न. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेचं एसएस-1 नावाचं मानक आहे आणि 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 118 ने ते पाळणं बंधनकारक केलं आहे. त्यात साधा नियम आहे: सभेचं इतिवृत्त भूतकाळात, पण ठराव वर्तमानकाळात. म्हणजे 'अध्यक्षांनी जागेची माहिती दिली, सदस्यांनी चर्चा केली' हे झालं इतिवृत्त. त्याखाली ठराव येतो, तो 'बी अँड इज हिअरबाय ऑथराइज्ड' असा, याच क्षणी अधिकार देणारा. पण शाळेत निबंध लिहून तयार झालेल्या माणसाला असं मध्येच काळ बदलणं पटत नाही. तेव्हा तुम्ही सगळं एकसारखं करा. 'वॉज ऑथराइज्ड' लिहा, म्हणजे हा ठराव आहे की गेल्या महिन्यातल्या ठरावाची आठवण, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. किंवा 'विल बी ऑथराइज्ड' लिहा. त्यात नम्रताही आहे: बोर्ड अधिकार देईल, योग्य वेळ आली की. समोरचे वकील विचारतील, "मग दिला कधी?" तेव्हा चहा मागवा.

खरी मजा तारखा उलट्या पडल्या की येते. समजा बिल्डरने घाई केली, संचालकांनी 3 तारखेला खरेदीखतावर सही करून टाकली आणि बोर्डाची सभा झाली 7 तारखेला. आता 'सही करण्याचा अधिकार देण्यात येत आहे' असं लिहून भागत नाही, कारण सही होऊन गेलेली आहे. इथे वाक्यात दोन काळ लागतात: 3 तारखेला संचालकांनी केलेली सही हा भूतकाळ, आणि तिला बोर्ड आज मान्यता देत आहे हा वर्तमानकाळ. रॅटिफाय करणं म्हणतात ते हेच, आणि ते उघडपणे लिहिण्यात काही गैर नाही. म्हणूनच ते टाळा. त्यापेक्षा सभेचीच तारीख मागे ओढून 1 करा. 1 तारखेला दुसरे संचालक दुबईत होते, हजेरीपटावर त्यांची सही नाही, सभेची नोटीस त्यानंतरच्या तारखेची आहे आणि मिनिट बुकाच्या पानांना सलग क्रमांक आहेत, या बारीकसारीक गोष्टी पुढे वाद झाला तरच निघतात. आणि वाद काय, कुठे होतात आपल्याकडे?

कार्यालयांच्या नावांबाबत मन मोठं ठेवा. 'पुणे रजिस्ट्रारसमोर हजर राहण्यास' एवढं पुरे. पुण्यात रजिस्ट्रार ऑफ कंपनीजचंही कार्यालय आहे, पण तिथे खरेदीखत नोंदवत नाहीत हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. अगदीच काटेकोर व्हायचं असेल तर उलट टोक गाठा: खरेदीखत जिथे नोंदवतात त्या 'सह दुय्यम निबंधक, हवेली' या कार्यालयापुढे नेमका क्रमांक घाला. नोंदणीच्या दिवशी नेमकं तिथलं सर्व्हर बसतं, वकील सगळ्यांना घेऊन दुसऱ्या हवेलीत जातात आणि तिथला कारकून ठरावावर बोट ठेवतो: "यात आमचा नंबर नाही." कुणी शहाणा 'पुण्यातील हवेलीचे संबंधित सह दुय्यम निबंधक' असं लिहून मोकळा होतो. त्याला नोंदणीचा अनुभवच मिळत नाही.

त्याच ओळीत आणखी एक शहाणपण दडलेलं असतं. खरेदीखतावर सही करणं, ते नोंदणीसाठी सादर करणं आणि निबंधकासमोर सही आपलीच असल्याची कबुली देणं ही तीन वेगळी कामं आहेत. तुम्ही फक्त 'साइन' लिहा. बाकीच्या दोन कामांना अधिकार कुठून आणायचा, हे फोटो-अंगठ्याच्या रांगेत उभं राहून ठरवता येतं. रांग लांब असते.

पदांचंही तसंच. एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, नोंदीत साहेब नुसते 'डायरेक्टर' आहेत, पण व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजिंग डायरेक्टर'. ठरावात कार्डावरचंच लिहा. नेमणूक कधी झाली, कागद कुठे आहे, असं विचारणारा माणूस साहेबांच्या वाईटावर आहे.

सहीच्या चौकटीकडे तर पाहूच नका. तिथे डिन, म्हणजे संचालकाचा आठ आकडी ओळख क्रमांक असतो. जुने डिन शून्याने सुरू होतात आणि एक्सेल ती शून्यं गिळतं. उरतात सहा-सात आकडे. राहू द्या, शून्याला कुठे किंमत असते! मधलं नाव पॅनवर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तात्रेय' आणि एमसीएवर नुसतं 'डी.' असेल, तर ठरावात चौथं काही तरी लिहा, म्हणजे कुणावर अन्याय व्हायला नको. कंपनीचं नाव शिक्क्यावर 'अँड', दाखल्यावर '&', हेही चालवून घ्या.

आणि ज्या संचालकांना अधिकार दिला आहे, 'खरी प्रत' म्हणून त्यांचीच सही घ्या. मला अधिकार आहे, असं मीच प्रमाणित करतो. बँका आणि वकील इथे दुसऱ्या संचालकाची किंवा कंपनी सेक्रेटरीची सही मागतात, पण त्यांना माणसावर विश्वासच नसतो. शेवटी मार्जिन थोडं वाढवा, म्हणजे ठराव पहिल्या पानावर संपेल आणि सहीची चौकट दुसऱ्या कोऱ्या पानावर एकटी जाईल. हे पान पुढे कुठल्याही ठरावाला जोडता येतं. कुणालाही.

तरीही ठराव परत आलाच, तर घाबरू नका. सही झाल्यापासून नोंदणीसाठी चार महिने असतात. तेवढ्यात दुबईचे संचालक दोनदा येऊन जातील. तेही उलटले, तर आणखी चार महिने दंड भरून मिळू शकतात आणि दंड नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. तो कुठल्या खात्यातून भरायचा हे सीएंना विचारा. विजया बँकेचं सांगू नका.