नियमाने चालणारा प्रत्येक फंड इंडेक्स फंड नसतो

«मोमेंटम, क्वालिटी आणि लो व्होलॅटिलिटी हे शेवटी इंडेक्स फंडच आहेत. त्यात फंड मॅनेजरची लुडबुड नाही आणि खर्चही नगण्य आहे. मागच्या पंधरा-वीस वर्षांचा तक्ता काढून पाहा, या निर्देशांकांनी साध्या निर्देशांकाला सहज मागे टाकले आहे आणि लो व्होलॅटिलिटीत तर पडझडीचीही भीती नाही. मग साध्या इंडेक्स फंडात पैसे ठेवायचे कशाला?»

असा युक्तिवाद केला जातो. मोमेंटम म्हणजे नुकतेच वाढलेले, क्वालिटी म्हणजे भक्कम नफ्याच्या कंपन्यांचे आणि लो व्होलॅटिलिटी म्हणजे भाव कमी हललेले शेअर ठरलेल्या नियमाने निवडणे. अशा एखाद्या गुणधर्मावर निवड करणाऱ्या फंडांना फॅक्टर फंड म्हणतात. त्यांच्याबाबत पहिला मुद्दा नावाचा आहे. साध्या इंडेक्स फंडाचे वैशिष्ट्य निर्देशांकाच्या मागे चालण्यात नाही, कारण निर्देशांक कशाचाही बनवता येतो. ते बाजारमूल्यानुसार वजन देण्यात आहे. समजा, बाजारात तीनच कंपन्या आहेत आणि त्यांचे बाजारमूल्य अनुक्रमे ५०, ३० आणि २० आहे. फंडाने त्याच प्रमाणात शेअर घेतले. पुढे पहिल्या कंपनीचा भाव दुप्पट झाला, तर बाजारमूल्ये १००, ३० आणि २० होतील आणि पहिल्या कंपनीचे बाजारातील वजन ५० टक्क्यांवरून सुमारे ६७ टक्क्यांवर जाईल. फंडातही तिचे वजन आपोआप तेवढेच झालेले असेल, आणि त्यासाठी एकही शेअर विकावा किंवा घ्यावा लागणार नाही. नवी कंपनी आली, जुनी गेली किंवा भागभांडवल बदलले तरच व्यवहार करावा लागतो.

याचा एक परिणाम दूरगामी आहे. जगातील सर्व गुंतवणूकदारांनी एकाच वेळी बाजारमूल्याप्रमाणे शेअर धरायचे ठरवले, तर ते शक्य आहे, कारण सगळ्यांची मिळून असलेली मालकी म्हणजेच बाजार. सर्वांनी मोमेंटम फंड धरणे मात्र शक्य नाही. नुकत्याच वाढलेल्या शेअरांत एकाला प्रमाणाबाहेर जास्त वजन हवे असेल, तर दुसऱ्या कोणाला तरी ते प्रमाणापेक्षा कमी धरावेच लागेल. अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये सक्रिय गुंतवणुकीचे जे साधे अंकगणित मांडले, ते येथे जसेच्या तसे लागू होते. बाजारापासून वेगळे धरणाऱ्या सगळ्यांचा मिळून परतावा, खर्च वजा करण्यापूर्वी, बाजाराएवढाच असतो, म्हणून एकाच्या वरचढ परताव्याची किंमत दुसरा कोणीतरी मोजत असतो. फॅक्टर फंड हा बाजाराविरुद्ध घेतलेला पवित्राच आहे. तो चुकीचा असेलच असे नाही, पण त्याला निष्क्रिय गुंतवणूक म्हणता येत नाही.

फंड मॅनेजर नसल्याचा मुद्दा अर्धाच खरा आहे. रोजचे निर्णय माणूस घेत नाही, हे बरोबर. परंतु किती शेअर निवडायचे, किती महिन्यांचा परतावा मोजायचा, एका शेअरला किंवा उद्योगक्षेत्राला कमाल किती वजन द्यायचे आणि यादी वर्षातून किती वेळा बदलायची, हे सगळे निर्णय माणसांनीच नियम लिहिताना घेतलेले असतात. क्वालिटीत हे विशेष जाणवते. निर्देशांक बनवणारी एमएससीआय ही कंपनी आपल्या क्वालिटी निर्देशांकासाठी भागभांडवलावरील परतावा, कर्जाचे प्रमाण आणि नफ्यातील स्थैर्य पाहते. एस अँड पी ही तशीच दुसरी कंपनी पहिल्या दोन गोष्टींबरोबर नफ्याचा किती भाग रोखीने न येता केवळ हिशेबात दिसतो ते तपासते. नाव एकच, पण यादी वेगळी. शिवाय एकच निकष धरला तर काय बिघडते तेही पाहण्याजोगे आहे. एखाद्या कंपनीचे भागभांडवल १०० आणि नफा २० असेल, तर भागभांडवलावरील परतावा २० टक्के होतो. तिने ५० कर्ज काढून स्वतःचेच शेअर विकत घेतले आणि व्याजापोटी नफा १६ वर आला, तरी भागभांडवल ५० उरल्याने परतावा ३२ टक्के दिसेल. धंदा तोच राहिला, नफा घटला, धोका वाढला आणि «गुणवत्ता» मात्र वर गेली. कर्जाचा निकष जोडला जातो तो याचसाठी.

मागच्या वर्षांच्या तक्त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेकांचा विश्वास त्यावरच बसतो. निर्देशांकाला दोन तारखा असतात. एक म्हणजे जिथून आकडे मोजायला सुरुवात केली ती आधार तारीख, आणि दुसरी म्हणजे निर्देशांक प्रत्यक्षात जाहीर झाला ती तारीख. या दोन तारखांमधील परतावा कोणालाही मिळालेला नसतो. नियम आज लिहून ते जुन्या भावांना लावले, एवढाच त्याचा अर्थ, आणि जुन्या काळात चांगले न दिसलेले नियम सहसा बाजारात येतच नाहीत. डेव्हिड मॅक्लीन आणि जेफ्री पॉन्टिफ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेअरांच्या परताव्याचा अंदाज देणारे म्हणून संशोधनपत्रांत मांडलेले ९७ निकष तपासले. मूळ अभ्यासाच्या कालखंडाबाहेर त्यांचा परतावा सरासरी २६ टक्क्यांनी आणि संशोधन प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळात ५८ टक्क्यांनी कमी भरला. तो शून्य झाला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. म्हणून तक्ता पाहताना जाहीर होण्याच्या तारखेनंतरचाच भाग वेगळा काढावा. तो भाग जेमतेम चार-पाच वर्षांचा असेल, तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

दुसरी गफलत अशी की संशोधनातील मोमेंटम आणि फंडातील मोमेंटम एक नव्हेत. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांच्या १९९३ च्या प्रसिद्ध लेखात वाढलेले शेअर विकत घेऊन घसरलेले शेअर उसने घेऊन विकले जातात, आणि सहा महिन्यांच्या मापनाने सुमारे महिन्याला एक टक्का परतावा दिसतो. सामान्य फंड फक्त पहिला अर्धा भाग करतो, त्यामुळे तो आकडा त्याच्या नावावर मांडता येत नाही.

मोमेंटमचा नियम कुठे हमखास अडखळतो, ते एका उदाहरणाने दिसेल. अनेक मोमेंटम निर्देशांक मागील बारा महिन्यांचा परतावा मोजताना शेवटचा महिना सोडून देतात, कारण एका महिन्याच्या टप्प्यात भाव उलट फिरण्याची प्रवृत्ती आढळते. समजा, एका शेअरचा भाव वर्षापूर्वी १०० होता, मोठ्या पडझडीत अकरा महिन्यांत तो ५० वर आला आणि गेल्या महिन्यात उसळून ७५ झाला. दुसरा शेअर १०० वरून ९५ वर आला आणि आता ९७ आहे. नियमाच्या दृष्टीने पहिल्याचा परतावा उणे ५० आणि दुसऱ्याचा उणे ५, म्हणून निवड दुसऱ्याची होते. एका महिन्यात ५० टक्के वाढलेला शेअर यादीबाहेरच राहतो. यादी सहा महिन्यांनी बदलत असेल, तर पुढच्या फेररचनेच्या आदल्या दिवशी तिच्यामागचा सर्वांत ताजा भाव सात महिने जुना झालेला असतो.

हे केवळ कागदावरचे नाही. अमेरिकी बाजारात मार्च ते मे २००९ या तीन महिन्यांत आधी सर्वाधिक घसरलेल्या दहा टक्के शेअरांचा गट १६३ टक्के वाढला, तर आधी सर्वाधिक वधारलेला गट फक्त ८ टक्के वाढला, असे केंट डॅनियल आणि टोबायस मॉस्कोविट्झ यांनी दाखवले आहे. त्याच तीन महिन्यांत अमेरिकेतील ५०० मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक साधारण २५ टक्के वर गेला. केवळ वधारलेले शेअर धरणाऱ्याचे नुकसान झाले नाही, पण बाजार सावरत असताना तो तीन महिन्यांत सतराएक टक्क्यांनी मागे पडला. पडझड सोसलेल्या माणसाला ही पिछाडी सहन होणे कठीण असते, आणि नेमक्या अशाच वेळी लोक फंडातून बाहेर पडतात.

खर्चाचा मुद्दा लहान असला तरी तो तक्त्यात दिसत नाही, म्हणून सांगायला हवा. फंडाने जाहीर केलेल्या वार्षिक खर्चात व्यवस्थापनाचे शुल्क असते, पण शेअर बदलताना होणारी झीज सहसा त्यात धरलेली नसते. निर्देशांक तर कागदावर एकही पैसा न घालवता शेअर बदलतो. मोमेंटम फंडात वर्षभरात जवळपास सगळी यादी बदलली जाणे नवल नाही. तेवढी उलाढाल झाली आणि विक्री व खरेदी या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ०.२ टक्के झीज धरली, तर वर्षाला ०.४ टक्के परतावा गळतो. शिवाय नियम आणि फेररचनेची वेळ जाहीर असल्याने इतर व्यवहार करणारे आधीच जागा धरून बसू शकतात. ही गळती ओळखायची असेल, तर लाभांशासह मोजलेला निर्देशांकाचा परतावा आणि फंडाचा परतावा यांतील फरक पाहावा. तो फरक जाहीर खर्चापेक्षा बराच मोठा असेल, तर उरलेला भाग बहुधा व्यवहारांतच गेलेला असतो.

राहिला लो व्होलॅटिलिटीचा दिलासा. या निर्देशांकात मागील वर्षात भाव कमी हललेले शेअर असतात, पुढच्या वर्षात कमी हलणारे नव्हेत. एस अँड पी ५०० च्या लो व्होलॅटिलिटी आवृत्तीत ५०० पैकी सर्वांत स्थिर १०० शेअर निवडले जातात, यादी तिमाहीला बदलते आणि जो जितका स्थिर त्याला तितके जास्त वजन मिळते. उद्योगक्षेत्रांवर मर्यादा नसल्याने वीजपुरवठा किंवा स्थावर मालमत्ता यांसारख्या क्षेत्रांचे वजन खूप वाढू शकते. फेब्रुवारी आणि मार्च २०२० मधील पडझडीत अशी क्षेत्रेही सुटली नाहीत, आणि हा निर्देशांक मूळ निर्देशांकाएवढाच, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक घसरला. त्यानंतरच्या फेररचनेत पडझडीत जास्त हललेले शेअर नियमानुसार बाहेर गेले, त्यामुळे उसळीचा मोठा वाटा हातून निसटला. २०२० संपताना मूळ निर्देशांक लाभांशासह सुमारे १८ टक्के वर होता आणि लो व्होलॅटिलिटी आवृत्ती वर्षारंभीच्या पातळीपेक्षा किंचित खाली होती. दीर्घ काळात, विशेषतः हळूहळू होणाऱ्या घसरणीत, या पद्धतीने पडझड कमी झाल्याची उदाहरणे खरी आहेत. पण संपूर्ण बाजार काही दिवसांत कोसळतो, तेव्हा मागच्या वर्षाचे स्थैर्य उपयोगी पडत नाही.

यावरून फॅक्टर फंड घेऊच नयेत असे मी म्हणत नाही. मोमेंटमचा परिणाम अनेक देशांच्या बाजारांत आढळला आहे, आणि लिखित नियम हे मनमानी निवडीपेक्षा निश्चितच बरे. पण त्यांची जागा साध्या इंडेक्स फंडाच्या शेजारी, मर्यादित हिश्श्याची आहे. तो हिस्सा किती असावा हे ठरवताना सरासरी परताव्यापेक्षा फंड मूळ निर्देशांकाच्या सर्वांत जास्त मागे किती पडला आणि किती महिने मागे राहिला, हे दोन आकडे आधी काढावेत. तेवढी पिछाडी तेवढा काळ सोसून टिकवता येईल, इतकाच हिस्सा त्यात असावा.