रजेचा अर्ज, लाल शेरा आणि माझ्या खिशातली चावी

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट मोठी होणार. वाचायची तर वाचा.

माझ्या वॉर्डातल्या एका स्टाफ नर्सचा मॅटर्निटी लीव्हचा अर्ज आज ऑफिसातून परत आला. लाल पेनाने शेरा: 'परत रुजू होण्याची खात्रीशीर तारीख नाही. पर्यायी व्यवस्था अर्जदाराने स्वतः करून कळवावी.' सातवा महिना संपत आलेली मुलगी तो कागद हातात घेऊन माझ्यापुढे उभी. 'सिस्टर, माझ्या जागी आता मी कुणाला शोधू?'

कुणालाच शोधू नकोस बाई! जागी माणूस देणं हे तुझं काम नाहीच. तुला फक्त ओव्हर द्यायची आहे, म्हणजे तुझ्याकडची कामं पुढच्या माणसाच्या हाती नीट सोपवायची. शेरा मारणाऱ्याला या दोन गोष्टींतला फरक कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही.

थोडं माझं सांगते. माझ्या वेळी मी दोन ओळींचा अर्ज दिला होता. 'प्रसूतीसाठी रजा मिळावी ही नम्र विनंती.' बस्स. ना तारखा, ना ओव्हर. म्हटलं, अजून पाच आठवडे आहेत, शेवटच्या दिवशी सांगू सगळं. तो शेवटचा दिवस आलाच नाही. इव्हिनिंग ड्युटीत राउंड चालू असताना पाणी गेलं आणि मला तशीच लेबर रूमला नेली. सिझेरियन झालं. तिसऱ्या दिवशी धड कुशीवर वळता येत नव्हतं आणि वॉर्डातून फोन. 'सिस्टर, मॉर्फिनच्या कपाटाची चावी कुठाय?' चावी माझ्या युनिफॉर्मच्या खिशात, युनिफॉर्म पिशवीत आणि पिशवी घरी. माझा भाऊ धावतपळत नेऊन देऊन आला.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलीचा अर्ज मी शेजारी बसून लिहून घेते. हाही घेतला होता, म्हणून तर जास्त संताप.

आधी तारखेचं बघा. तिच्या सोनोग्राफीप्रमाणे तारीख 14 ऑगस्ट. तिला चार आठवडे आधी थांबायचंय, म्हणून रजा 17 जुलैपासून. पहिलंच बाळ, म्हणजे हक्काचे 26 आठवडे. त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात, ही तर चारच घेतेय. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. रजेचा शेवटचा दिवस 14 जानेवारी, रुजू 15 जानेवारी. बोटांवर मोजून येणारी तारीख आहे ही. अर्जात आम्ही लिहिलं होतं, '15 जानेवारी रोजी रुजू होण्याचा मानस आहे. प्रसूती 17 जुलैपूर्वी झाल्यास रजा प्रसूतीच्या दिवसापासून धरावी व रुजू होण्याची तारीख त्यानुसार अलीकडे येईल.' म्हणजे समजा बाळ 10 जुलैलाच आलं, तर ती 8 जानेवारीला हजर. आणि उशीर झाला, बाळ 24 ऑगस्टला आलं, तर? तारीख तीच. फक्त बाळासोबतचे दहा दिवस तिचे कमी होतात, ऑफिसचं काहीच जात नाही.

ऑफिसला नेमका 'मानस' हाच शब्द खुपला. अहो, बाळंतपणात गुंतागुंत झाली, बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, तर दाखल्यावर आणखी महिनाभर रजा मिळते, हे तुमच्याच फायलीत असेल. मग खात्री काय स्टॅम्प पेपरवर द्यायची? 'मानस' हाच प्रामाणिक शब्द आहे. मी तो बदलू देणार नाही.

बरं, त्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. एक माणूस सहा महिने नाही म्हटलं की ड्युटी लिस्ट लावताना माझ्याच डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

आता ओव्हरचं. इथे आपल्याच मुली चुकतात. 'माझे पेशंट अमुक सिस्टरला देईन' असं लिहितात. अगं, पेशंट तर आपण रोज तीनदा देतो, दर शिफ्टला! 17 जुलैला बेडवर कोण असेल हे मे महिन्यात कुणाला ठाऊक? रजेच्या अर्जात लिहायचं ते ड्युटी लिस्टवर दिसत नाही, पण वर्षानुवर्षं एकाच माणसाला चिकटलेलं असतं, ते काम. हिच्याकडे अशी तीन आहेत. नार्कोटिक्सचं कपाट आणि त्याचं रजिस्टर. इमर्जन्सी ट्रॉलीची तपासणी, म्हणजे औषधांच्या एक्स्पायरी, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सक्शन ओढतं का. आणि दोन नवीन मुलींचं शिकवणं, त्यातली एक अजून एकटीने रक्त चढवत नाही.

प्रत्येकापुढे कोण घेणार त्याचं नाव. ती नावं तिने नाही, मी दिली, कारण ते इन्चार्जचं काम आहे. ट्रॉलीची तपासणी नवीन सिस्टर दोनदा हिच्यासोबत करेल, तिसऱ्यांदा एकटी आणि ही नुसती बघेल. कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, घेणारीचं स्वतःचं लॉगिन काढायचं. नाहीतर ही घरी बाळाला पाजत असताना इथे हिच्या नावाने औषधं दिल्याच्या नोंदी पडतील.

आणि हे सगळं 3 जुलैपर्यंत संपवायचं, 16 ला नाही. 3 जुलैला 34 आठवडे पूर्ण होतात. त्यानंतरचे दोन आठवडे ती ड्युटीवर असेल, पण तिच्या एकटीच्या नावावर काहीच उरलेलं नसेल. हे दोन आठवडे माझ्या त्या संध्याकाळीतून आलेत.

चावीची गोष्ट अर्धीच सांगितली मघाशी. कपाट उघडल्यावर एक अँप्युल कमी भरली. आठवडाभर माझ्याकडे संशयाने बघितलं गेलं, आणि मी टाके सांभाळत, पोर छातीशी धरून फोनवर सांगतेय की ती फुटली होती. दोघींनी बघितली होती, नोंद राउंडनंतर करणार होते. राउंडनंतर मी टेबलावर होते. दुसरीने सही दिली म्हणून सुटले. चूक माझी होतीच, नोंद तेव्हाच करायला हवी होती. पण म्हणून हिच्या अर्जात वेगळी ओळ आहे: 'नार्कोटिक्सचा साठा 3 जुलै रोजी दोघींनी मोजून, रजिस्टरशी ताळा करून, दोघींच्या सह्यांनिशी चावीसह सुपूर्द केला जाईल.'

इतका नीट अर्ज, आणि त्यावर लाल पेन.

असो. राग थोडा उतरलाय लिहिता लिहिता. दुपारी मेट्रन मॅडमकडे गेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, म्हणाल्या, 'पर्यायी व्यवस्था मी बघते, तो शेरा माझ्यावर टाका.' बाई कडक आहेत, पण तीन बाळंतपणं वॉर्डातच उभी राहून काढलेल्या. उद्या तोच अर्ज, तोच 'मानस', त्यांच्या शिफारशीसह पुन्हा जाईल. यावेळी दोन प्रती, आणि दुसरीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, असं तिला बजावलंय.

निघताना ती म्हणाली, 'सिस्टर, 3 जुलैनंतर मी नुसती बसून काय करू?' म्हटलं, पाय वर घेऊन बस आणि ड्युटी संपली की रोज खिसे उलटे करून दाखवत जा मला. हसली. मग खरंच खिशात हात घातला आणि चावी काढून टेबलावर ठेवली. इव्हिनिंगची सिस्टर अर्ध्या तासापूर्वीच ओव्हर घेऊन गेली होती.