बँडविड्थ वाढली म्हणून व्हिडिओ 'लीक' होत नाही

"क्लासवाल्यांनो सावधान! १.२ जीबीचा व्हिडिओ, ४० मुलं, म्हणजे ४८ जीबी व्हायला हवेत. रिपोर्टमध्ये ९० जीबी दिसले तर व्हिडिओ लीक झालाय. युनिक व्ह्यूअर ७१, तेही बेंगळुरूचे! लगेच काढून टाका, नाहीतर मोठं बिल येईल."

हा मेसेज वाचून खानापूरच्या आमच्या वहिनींनी एसएसएलसीच्या तोंडावर गणिताचा व्हिडिओ काढून टाकला. आता मुलं फोन करतायत. म्हणून लिहितोय.

कोणी व्हिडिओ रेकॉर्ड करून टेलिग्रामवर टाकला, तर तो टेलिग्रामच्या सर्व्हरवरून पाहिला जातो. तुमच्या खात्यावर त्याचा एक एमबीही पडत नाही. म्हणजे हा मेसेज लिहिणाऱ्याने अशा लीकचा पुरावा नेमका तिथे शोधलाय जिथे तो सापडूच शकत नाही.

मग वहिनींच्या रिपोर्टमध्ये ९० जीबी आले कुठून? बँडविड्थ सर्व्हर मोजतो, जेवढा डेटा गेला तेवढा. तुम्ही अपलोड केलेल्या फाईलच्या आकाराशी तिचा थेट संबंध नाही, कारण नेट कसं आहे ते बघून प्लेअर ३६०पी किंवा १०८०पी निवडतो. वहिनींच्या रिपोर्टमध्ये एकूण पाहिलेला वेळ ७५ तास होता. व्हिडिओ ५० मिनिटांचा. ४० मुलांनी एकदाच पाहिला असता तर ३३ तास झाले असते. परीक्षेआधी पोरं दोनदा बघणारच की! ९० जीबी म्हणजे ७,२०,००० मेगाबिट, ७५ तास म्हणजे २,७०,००० सेकंद. भागाकार सेकंदाला २.७ मेगाबिट. ७२०पीच्या आसपासच्या व्हिडिओला एवढं लागतंच. तोच आकडा दहा-पंधरा आला असता तर मीही चौकशी केली असती, आणि आधी डाउनलोडचं बटण चालू राहिलंय का ते बघितलं असतं. एक मात्र ध्यानात ठेवा: पाहिलेला वेळ ब्राउझरमधला प्लेअर कळवतो. अ‍ॅड-ब्लॉकरने ते कळवणं अडवलं तरी व्हिडिओ चालतो, आणि मग बँडविड्थ वाढते पण वेळ वाढत नाही.

युनिक व्ह्यूअर म्हणजे माणसं नव्हेत. एकाच मुलाने मोबाईलवर आणि लॅपटॉपवर पाहिलं की दोन धरले जातात. बेंगळुरूचं म्हणाल तर गाव आयपीवरून ठरतं, आणि मोबाईल नेटचा आयपी कंपनीचं गेटवे जिथे आहे तिथला दिसतो. निपाणीत बसून पाहिलं तरी बेंगळुरू दाखवू शकतं.

बिलाचं भय तर उगीचच. व्हिमिओने मार्च २०२२ मध्ये आपली बँडविड्थची मर्यादा जाहीर केली, ती महिन्याला २ टीबी. तुमची सेवा दुसरी असेल तर तिच्या प्लॅनचं पान उघडून बघा, पण ९० जीबी हा काही धसका घेण्यासारखा आकडा नाही.

एवढं मान्य करतो: प्रायव्हेट एम्बेड आणि डोमेनचं बंधन यांनी दुसऱ्या वेबसाइटवर व्हिडिओ चालत नाही, पण स्क्रीन रेकॉर्डिंग थांबत नाही. रेकॉर्ड करणारा मुलगा रिपोर्टमध्ये साध्या एका प्लेसारखा दिसतो. त्याचीच धास्ती असेल तर चालू व्हिडिओवर मुलाचा मोबाईल नंबर उमटवणारी सेवा घ्या.