८०डीडीची वजावट, न जोडलेला दाखला आणि एक फॉरवर्ड

"८०डीडीची वजावट नाकारली? घाबरू नका! कोणत्याही डॉक्टरचा दाखला घ्या, तारीख मागची टाकून घ्या, पोर्टलवर रेक्टिफिकेशन टाका, पैसे परत. यूडीआयडी कार्ड असेल तर दाखलाही लागत नाही. एकदा काढलेला दाखला आयुष्यभर चालतो. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

८०डीडी म्हणजे घरच्या दिव्यांग आश्रितासाठी आयकरात मिळणारी वजावट, आणि यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. तिच्याबद्दल फिरणाऱ्या या फॉरवर्डमधलं "घाबरू नका" तेवढं बरोबर आहे. बाकीच्यात थोडं खरं आणि बरंच घातक असं मिसळलंय, म्हणून एकेक सुटं करून बघू. बोलायला सोपं जावं म्हणून तासगाव तालुक्यातल्या एका गुरुजींचं प्रकरण समोर ठेवतो. ओळख पटेल असे तपशील बदललेत, हिशेब तोच आहे.

गुरुजींची मुलगी नऊ वर्षांची, तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. दिव्यांगत्व ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे कायद्याच्या भाषेत तीव्र. साध्या दिव्यांगत्वाला (४० टक्के आणि पुढे) ७५ हजार आणि तीव्र असेल तर १ लाख २५ हजार, अशी ही वजावट ठरलेली आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी बाकी सगळं वजा जाता गुरुजींचं उत्पन्न साडेनऊ लाख. त्यातून सव्वा लाख गेले की सव्वाआठ लाख. वजा गेलेले हे सव्वा लाख सगळेच जुन्या करपद्धतीतल्या २० टक्क्यांच्या टप्प्यात येतात, म्हणजे २५ हजार कर आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण २६ हजारांचा फरक. शाळेच्या क्लार्ककडे दाखल्याची झेरॉक्स दर वर्षी जात होती, त्यामुळे पगारातून कर कमीच कापला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये रिटर्न भरलं आणि ऑक्टोबरात सीपीसीची, म्हणजे आयकर खात्याच्या बेंगळुरूतल्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्राची, सूचना आली: वजावट काढून टाकण्याचा प्रस्ताव आहे, ३० दिवसांत उत्तर द्या.

गुरुजींचं म्हणणं, "दाखला तर ऑफिसात दिलाय की!" ऑफिसात दिलेला कागद ऑफिसात राहतो. तो टीडीएस कमी कापण्यापुरता. ८०डीडीच्या चौथ्या पोटकलमात दाखल्याची प्रत कलम १३९ खालच्या रिटर्नसोबत द्यायला सांगितलंय. आता रिटर्नला कागद चिकटवता येत नाही, म्हणून ती माहिती वजावटीच्या तक्त्यात भरायची: आश्रित कोण, त्याचा पॅन किंवा आधार, फॉर्म १०-आयए, म्हणजे ठरावीक नमुन्यातला वैद्यकीय दाखला, कधी भरला, त्याचा पोचक्रमांक, यूडीआयडी क्रमांक. गुरुजींच्या रिटर्नमध्ये रक्कम होती आणि फॉर्मचे रकाने कोरे. एखादी वजावट सिद्ध करायला लागणारी माहितीच दिलेली नसेल, तर तिला "चुकीचा दावा" मानून प्राथमिक तपासणीतच वगळायची मुभा कलम १४३(१) च्या स्पष्टीकरणात आहे. मुलगी दिव्यांग आहे की नाही याबद्दल बेंगळुरूत कुणीच शंका घेतलेली नव्हती.

आता डॉक्टरचा मुद्दा. नियम ११ए यात अगदी स्पष्ट आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या तीन प्रकारांसाठी सही चालते ती न्यूरॉलॉजीत एमडी असलेल्या न्यूरॉलॉजिस्टची. लहान मुलांच्या बाबतीत तेवढ्याच पदवीच्या बालन्यूरॉलॉजिस्टची. नाहीतर जिल्हा शल्यचिकित्सकांची किंवा सरकारी रुग्णालयातल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांची. म्हणजे मिरजेतल्या खासगी न्यूरॉलॉजिस्टची सही चालेल, पण मुलीला आठवड्यातून तीनदा व्यायाम देणाऱ्या फिजिओथेरपिस्टची नाही, हाडांच्या डॉक्टरांचीही नाही, मग त्यांनी तिला दहा वर्षं तपासलेलं का असेना. अंधत्व, श्रवणदोष, हातापायांचं अपंगत्व अशा बाकीच्या प्रकारांत सरकारने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागतं.

यूडीआयडीचा घोळ इथेच होतो. फॉर्म १०-आयए लागतो तो वरच्या तीन प्रकारांना. गुडघ्याखाली पाय नसलेल्या भावासाठी वजावट घेणाऱ्याला या फॉर्मच्या मागे धावायची गरज नाही, त्याला मंडळाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी क्रमांक पुरतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा असंच एखादं प्रकरण पाहिलं आणि ते सगळ्यांना लावून टाकलं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलीचं कार्ड आहे म्हणून १०-आयए सोडून दिला, तर गुरुजींसारखीच सूचना घरी येणार.

मागच्या तारखेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. १०-आयए हा एका पानाचा कागद. रुग्णाचं नाव, वय, पत्ता, नोंदणी क्रमांक. मग एक ओळ, तिच्यात दिव्यांग की तीव्र दिव्यांग यातलं लागू नसेल ते खोडायचं. नंतर आजार वाढणारा आहे का, सुधारण्याची शक्यता आहे का, आणि शेवटी फेरतपासणी किती महिन्यांनी किंवा वर्षांनी. सिव्हिलमध्ये प्रत्येक कागदाला जावक क्रमांक पडतो आणि रजिस्टरात तो तारखेच्या क्रमानेच असतो. तीन वर्षांपूर्वीच्या दोन नोंदींच्या मध्ये तुमची नोंद कशी घुसणार? उद्या पडताळणी झाली आणि उत्पन्न जाणूनबुजून चुकीचं दाखवलं असं ठरलं, तर दंड कराच्या २०० टक्के. गुरुजींच्या आकड्यात ५२ हजार. शिवाय सही करणाऱ्या डॉक्टरांचं काय होईल ते वेगळंच.

गंमत अशी की गुरुजींना याची गरजच नव्हती. त्यांच्या कपाटात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचा १०-आयए होता, १२ फेब्रुवारी २०२२ चा, फेरतपासणी तीन वर्षांनी असं लिहिलेला. म्हणजे मुदत फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. "मार्चमध्ये दाखला संपलेला होता, मग वर्ष गेलंच की," असं त्यांना कुणीतरी ऐकवलं होतं. तसं नाही. फेरतपासणीची अट असलेला दाखला ज्या आर्थिक वर्षात दिला तिथपासून, ज्या आर्थिक वर्षात त्याची मुदत संपते त्या पूर्ण वर्षापर्यंत धरला जातो. फेब्रुवारी २०२५ हे २०२४-२५ मध्येच येतं, म्हणून ते अख्खं वर्ष सुरक्षित. मात्र पुढच्या वर्षाला हा कागद चालणार नाही. म्हणजे "आयुष्यभर" हे फक्त फेरतपासणी नको असं लिहिलेल्या दाखल्यापुरतं खरं, आणि वाढत्या वयाच्या मुलांना तसा दाखला पहिल्या फेरीत सहसा देत नाहीत. तुमचा दाखला काढा आणि फेरतपासणीचा तिसरा मुद्दा आधी वाचा.

राहिलं रेक्टिफिकेशन. लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर. कलम १५४ हे नोंदीवर उघड दिसणाऱ्या चुकीसाठी आहे. तुम्ही १०-आयए आधीच भरलेला होता, पोचक्रमांक रिटर्नमध्ये नीट होता आणि तरी सीपीसीने वजावट काढली, तर ती उघड चूक. तिथे अर्ज जरूर करा, आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत करता येतो. पण फॉर्म भरलाच नव्हता, तर सीपीसीने काय चूक केली? त्यांच्यासमोर कागदच नव्हता. "रिटर्न पुन्हा तपासा" असा पर्याय निवडला की तेच रिटर्न, त्याच कोऱ्या रकान्यांसह पुन्हा चाळणीतून जातं आणि तोच आकडा बाहेर येतो. दोन-तीनदा असं करण्यात महिने जातात आणि तेवढ्यात अपिलाची मुदत टळते. फॉरवर्डने केलेलं खरं नुकसान हे.

गुरुजींसाठी खरा रस्ता सुधारित रिटर्नचा होता. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं करनिर्धारण वर्ष २०२५-२६, आणि त्यासाठी सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५. सुधारित रिटर्नही कलम १३९ खालचंच, त्यामुळे दाखला "रिटर्नसोबत" देण्याची अट त्यातून पुरी होते. क्रम मात्र पाळायचा. आधी फॉर्म: `e-File > Income Tax Forms > File Income Tax Forms` मध्ये जाऊन Form 10-IA निवडायचा, करनिर्धारण वर्ष नीट बघायचं (चालू वर्षाऐवजी पुढचं निवडणारे भरपूर आहेत), दाखल्यावरची माहिती भरून स्कॅन जोडायचं आणि ई-व्हेरिफाय करायचं. मग पोचक्रमांक हातात येतो. तो आणि तारीख सुधारित रिटर्नच्या तक्त्यात भरायची. हे उलट्या क्रमाने केलं तर रकाने पुन्हा कोरेच राहतात. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याचंही ई-व्हेरिफिकेशन, नाहीतर ते भरलेलंच धरत नाहीत. त्याच वेळी `Pending Actions > e-Proceedings` मध्ये सूचनेला उत्तर द्यायचं: सुधारित रिटर्न भरलं आहे, पोचक्रमांक अमुक.

सुधारित रिटर्नची मुदत गेली असेल तर १४३(१) च्या आदेशाविरुद्ध अपील. फॉर्म ३५, आदेश मिळाल्यापासून ३० दिवस, आणि उत्पन्न दोन लाखांच्या वर असेल तर शुल्क एक हजार रुपये. उशीर झाला असेल तर कारण लिहून माफी मागता येते. बाजू भक्कम आहे का? बऱ्यापैकी. जी. एम. निटिंग इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं की, वजावटीसाठीचा फॉर्म रिटर्नसोबत नसला तरी अंतिम आदेशापूर्वी दिला असेल तर चालतो. तो निकाल उद्योगांच्या फॉर्मबद्दलचा होता आणि आदेश निघून गेल्यावर फॉर्म भरणाऱ्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, पण युक्तिवादाला आधार मिळतो. अपडेटेड रिटर्नचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या, कर कमी करायला ते वापरताच येत नाही.

या सगळ्याआधी एक तपासणी, जी फॉरवर्डमध्ये नाहीच. ही वजावट नवीन करपद्धतीत मिळत नाही, आणि आता नवीन पद्धत आपोआप लागू होते. मुदतीनंतर रिटर्न भरलं असेल तर जुनी पद्धत निवडता येत नाही, मग दाखला कितीही पक्का असला तरी काही होत नाही. नातंही बघा: जोडीदार, मुलं, आई-वडील आणि भावंडं एवढेच आश्रित चालतात. सासूबाईंचा खर्च तुम्ही करत असलात तरी वजावट तुम्हाला नाही. बिलांची मात्र उगाच धास्ती नको. खर्च दहा हजार झाला काय आणि दोन लाख झाला काय, वजावट ठरलेलीच मिळते. काहीतरी खर्च खरोखर झालाय हे दिसावं म्हणून फिजिओथेरपीच्या पावत्या एका पाकिटात ठेवल्या की झालं.

गुरुजींनी नोव्हेंबरात फॉर्म भरला, त्याच आठवड्यात सुधारित रिटर्न. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी त्यांना नवा दाखला लागणार होता, आणि त्यावरची तारीख ३१ मार्च २०२६ च्या आतली हवी होती. सांगलीच्या सिव्हिलमध्ये तपासणीसाठी मुलीला उचलून न्यावं लागतं, म्हणून जुना दाखला, यूडीआयडी कार्ड आणि १०-आयएचा कोरा नमुना सोबत घेऊन एकाच फेरीत काम उरकायचं त्यांनी ठरवलं. नमुना छापून नेला नाही, तर बऱ्याचदा नेहमीचं दिव्यांगत्व प्रमाणपत्रच हातात ठेवतात.