हाउसबोट बुक करताय? रात्री बोट कुठं लावणार ते आधी विचारा

दिवाळीच्या सुट्टीत केरळला जायचं म्हणून आमच्या दाजींनी परवा हाउसबोटीची चार कोटेशन व्हॉट्सअपवर टाकली आणि खाली एकच ओळ, "यातलं स्वस्त कुठलं पडतंय बघ." चारीमधी फोटो जवळपास तेच, नारळाची झाडं, वेताच्या खुर्च्या, टॉवेलचा हंस. मी म्हणलं दाजी, रेट नंतर बघू, आधी चौघांनाबी विचारा बोट रात्री कुठं लावणार म्हणून. दाजी म्हणले, "कुठं का लावंना, आपण झोपणारच की." इथंच लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हिशोब करून बघा. अलेप्पीत (आता अलप्पुळा म्हणतात) चेक-इन साधारण दुपारी 12 ला आणि चेक-आउट दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला, म्हणजे बोटीवर तुम्ही 21 तास. त्यात जेवणासाठी काठाला तासभर थांबणार, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास बोट बांधावीच लागते, कारण त्यानंतर मच्छीमार पाण्यात जाळी टाकतात आणि मोठ्या बोटी फिरल्या की जाळी तुटतात. सकाळी 8 ला पुन्हा सुरू होऊन तासाभरात धक्क्याला परत. म्हणजे फिरणं जेमतेम पाच तास आणि एका जागी बांधून राहणं चौदा-पंधरा तास! तुम्ही पैसे फिरायचे देताय असं वाटतं पण खरं तर एका काठावर राहायचे देताय, मग तो काठ कसाय ते विचारायला नको का?

काही बोटी शहराजवळच्या धक्क्यालाच आणून लावतात, एकाला एक चिकटून, शेजारच्या बोटीतलं गाणं तुमच्या उशीला ऐकू येतं आणि दोन्हीकडचे जनरेटर रात्रभर घरघर करतात. काठावर उतरायचं तर दुसऱ्याच्या बोटीतनं जावं लागतं. याउलट कैनकरीकडं किंवा आतल्या एखाद्या गावाच्या बांधाला बोट लावली की संध्याकाळ वेगळीच असते. तिथं कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, बांधावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी तुमच्या पायाशी आणि दुसऱ्या बाजूला शेत त्याच्यापेक्षा खाली. आपल्याकडं विहिरीत पाणी शोधणाऱ्या माणसाला ते बघून दोन मिनिटं काय बोलायचं सुचत नाही. म्हणून एजंटला गावाचं नाव विचारा आणि शेजारी किती बोटी असतात तेबी. "छान शांत जागा आहे सर" हे उत्तर नाही.

रूटचं पण तसंच. फोटोत जो चिंचोळा कालवा दिसतो, दोन्ही बाजूला घरं, बायका धुणं धुतायत, तिथं दोन-तीन बेडरूमची हाउसबोट शिरतच नाही. ती वेंबनाड तलावाच्या कडेनं आणि रुंद पाण्यातनंच जाते. कालवा बघायचाच असेल तर बोट बांधल्यावर उजेड असेपर्यंत तासभर शिकारा किंवा छोटी होडी घ्यायची, ती पॅकेजमधी आहे का वेगळे पैसे लागतात ते आधीच लिहून घ्या. कुमारकोमवरनं बोट घेतली तर बराचसा वेळ मोकळा तलावच दिसतो, काहींना ते आवडतं, मला तासाभरानं कंटाळा येईल. आपल्याला कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापुरातनंच मिळते आणि ती कोट्टायमवरनं जाते, तिथनं कुमारकोम जवळ पडतं, म्हणून लोक तिकडं वळतात. फक्त गाडी सोयीची म्हणून ठरवू नका एवढंच.

आता दाजींची केस. माणसं सहा, त्यात आई-अण्णा सत्तरीच्या पुढं आणि एक पाच वर्षांचं कार्टं. स्वस्तातलं कोटेशन होतं वरच्या डेकवालं, एसी रात्री 9 ते सकाळी 6. आता साडेपाचला बोट बांधली, सहानंतर डास सुरू, हवेत दमटपणा, घाम वाळतच नाही, आपल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला हे जास्त जाचतं, आणि एसी नऊला! मधले तीन तास म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? ह्या बोटीला फुल टाइम एसीचा रेट विचारा म्हणलं, किंवा निदान बेडरूमचा एसी सातपासनं लावतील का ते विचारा. वरच्या डेकचा जिना बहुतेक उभा आणि अरुंद असतो, अण्णा एकदा चढतील, दुसऱ्यांदा नाही. त्यापेक्षा एकाच मजल्याची तीन बेडरूमची बोट बरी. खोल्या वाटताना म्हाताऱ्यांना पुढची द्या, कारण इंजिन आणि किचन मागच्या बाजूला असतं.

जेवणाबद्दल आपल्या लोकांची काळजी रास्त आहे. दुपारी जाड तांदळाचा भात, सांबार, तोरन (नारळ घातलेली सुकी भाजी), पापड आणि तळलेला करिमीन मासा, चहाबरोबर केळ्याची भजी, रात्री बहुतेक चपाती-चिकन, सकाळी इडली नाहीतर ब्रेड-ऑम्लेट. आमच्यात निम्मं घर शाकाहारी आहे, आणि किचन छोटं असतं, त्यामुळं "व्हेज मिळेल" आणि "व्हेजची कढई वेगळी असेल" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी विचारा. खोबरेल तेल चालत नसेल तर आदल्या दिवशीच सांगा, कारण सामान बोट सुटायच्या आधी भरतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत ठेवा, ते सांगायला नको म्हणा. वाटेत बोट मासळीच्या दुकानाला थांबली तर मोठी कोळंबी बघून भुलू नका, किलोचा भाव आणि करून द्यायचे पैसे दोन्ही विचारूनच हो म्हणा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, संध्याकाळची सेफ्टी. 7 मे 2023 ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला टुरिस्ट बोट उलटून 22 जण गेले. ती हाउसबोट नव्हती, पण क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरून अंधार पडल्यावर फिरवत होते. म्हणून कुणी "सर थोडं जास्त द्या, सूर्यास्तानंतर पण फिरवतो" म्हणलं तर तो फायदा समजू नका. बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर आणि किती माणसांची परवानगी आहे ते लेखी मागवा, आणि त्याच बोटीचा आजचा व्हिडिओ, कारण दाखवतात एक आणि देतात दुसरी. लाइफ जॅकेट आहे म्हणून चालत नाही, पाच वर्षांच्या पोराच्या मापाचं आहे का ते अंगावर घालून बघायचं. पुढच्या डेकला रेलिंग किती आहे ते व्हिडिओत दिसतं, काही बोटींत पुढं नुसतं पायरीएवढं लाकूड असतं.

बोट बांधल्यावर काठाला एक फळी टाकतात, ती रात्री दवानं निसरडी होते. आई-अण्णांना उजेडातच बांधावर फिरवून आणा आणि मग पुन्हा उतरवू नका. रात्री स्टाफपैकी निदान एकजण बोटीवर झोपणार ना, हेबी विचारा, कारण काहींची घरं तिथंच आसपास असतात.

दाजींनी चौघांना मेसेज टाकला. दोघांनी रेट कमी करून पाठवला पण जागा सांगितली नाही, एकानं सीन करून सोडलं, चौथ्यानं गावाचं नाव, लोकेशन आणि बोटीचा व्हिडिओ पाठवला. रेट त्याचा सगळ्यात जास्त होता, दाजी अजून कुरकुर करतायत. मी म्हणलं अॅडव्हान्स थोडाच द्या आणि बाकीचे पैसे बोट आतनं बघून, बॅगा चढवायच्या आधी.