भागाकाराच्या एका आकड्यावर निदान ठरत नाही

«लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट काढा आणि ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागा. उत्तर २ च्या आत आलं तर इन्सुलिन रेझिस्टन्स नाही, मग एलडीएल कितीही असू द्या, काळजी नको. ३ च्या वर आलं तर मेटाबॉलिक सिंड्रोम नक्की. बाकीच्या टेस्टवर पैसे घालवू नका. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

या भागाकारामागे खरे शरीरशास्त्र आहे, म्हणून आधी तेवढे मान्य करतो. चरबीच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या, म्हणजेच इन्सुलिन रेझिस्टन्स आला, की त्यांच्यातील मेदाम्ले रक्तात सुटत राहतात, ती यकृताकडे जातात आणि यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून ते व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडते. रक्तात अशा कणांची गर्दी झाली की एक प्रथिन त्यांच्यातील ट्रायग्लिसराइड एचडीएलच्या कणांत घालते आणि बदल्यात त्यांच्याकडील कोलेस्टेरॉल काढून घेते. ट्रायग्लिसराइडने भरलेला एचडीएलचा कण यकृतातील एन्झाइममुळे लहान होतो आणि लहान झालेला कण रक्तातून लवकर काढून टाकला जातो. म्हणजे एका बिघाडामुळे अंश वाढतो आणि छेद घटतो, आणि त्यामुळेच हा भागाकार दोन्ही सुट्या आकड्यांपेक्षा अधिक बोलका वाटतो. संदेशाची चूक पुढे सुरू होते: खुणेला तो निकाल समजतो.

‘३ च्या वर’ हा आकडा अनेकदा ज्या संशोधनाच्या आधाराने दिला जातो, ते अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेह नसलेल्या, वजन जास्त असलेल्या २५८ जणांची तपासणी झाली होती. प्रत्येकाचे स्वतःचे इन्सुलिन औषधाने दाबून, शिरेतून ठरावीक इन्सुलिन आणि ग्लुकोज तीन तास देऊन, शेवटी रक्तात साखर किती उरते ते पाहिले गेले आणि ज्यांची साखर सर्वांत जास्त उरली त्या एक तृतीयांश लोकांना इन्सुलिन रेझिस्टन्स आहे असे धरले गेले. या कसोटीवर ३ या मर्यादेने रेझिस्टन्स असलेल्यांपैकी ६४ टक्के ओळखले आणि नसलेल्यांपैकी ६८ टक्क्यांना बरोबर वगळले. आता अशी ३०० माणसे डोळ्यांसमोर आणा, त्यांतील १०० जणांना खरोखर रेझिस्टन्स आहे. भागाकार त्यांतील ६४ जणांना पकडतो आणि ३६ जणांना तसेच सोडून देतो. उरलेल्या २०० निर्दोष माणसांपैकीही ६४ जणांचा आकडा ३ च्या वर जातो. म्हणजे ज्यांच्या रिपोर्टवर लाल खूण झाली, त्यांतील निम्म्यांच्या बाबतीत ती चुकीची ठरते.

मेटाबॉलिक सिंड्रोम ‘नक्की’ असल्याचे विधान तर व्याख्येशीच जुळत नाही. २००९ साली अनेक आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ठरवलेल्या पाच निकषांपैकी कोणतेही तीन असले तर तो धरतात: कमरेचा घेर (दक्षिण आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त), ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५ असा किंवा त्याहून जास्त, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. औषध चालू असले तरी तो निकष धरला जातो.

दोन काल्पनिक रिपोर्ट शेजारी ठेवून पाहू. एका पुरुषाचे ट्रायग्लिसराइड १२६ आणि एचडीएल ४१ आहे, तेव्हा भागाकार ३.१ येतो. त्याची कंबर ८४, रक्तदाब ११८/७६ आणि साखर ९० आहे. पाचपैकी एकही निकष लागत नाही, तरी संदेशानुसार त्याला सिंड्रोम ‘नक्की’ आहे. दुसऱ्या रिपोर्टमधील स्त्रीचे ट्रायग्लिसराइड ९२ आणि एचडीएल ४८ आहे, भागाकार १.९, म्हणजे ती सुरक्षित गटात बसते. पण तिची कंबर ८८ आणि रक्तदाब १३४/८६ आहे आणि स्त्रीसाठी ४८ हे एचडीएल कमीच आहे, त्यामुळे तीन निकष पूर्ण होऊन सिंड्रोम ठरतो. मला या दुसऱ्या रिपोर्टची जास्त काळजी वाटते, कारण असा संदेश वाचून ती पुढची तपासणी टाळेल.

आपल्याकडे छेदच मुळात लहान असतो, हेही लक्षात घ्यायला हवे. महाराष्ट्रासह चार प्रदेशांत झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत सुमारे ७२ टक्के प्रौढांचे एचडीएल कमी आढळले, तर ट्रायग्लिसराइड जास्त असलेले सुमारे ३० टक्के होते. याउलट आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स असूनही ट्रायग्लिसराइड अनेकदा वाढत नाही, आणि २००५ च्या एका अभ्यासात हा भागाकार त्यांच्यासाठी खूण म्हणून निरुपयोगी ठरला. एका लोकसमूहातून काढलेली मर्यादा दुसऱ्यावर तशीच लावता येत नाही.

परदेशात राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहताना आणखी एक चूक होते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील रिपोर्ट मिलिमोलमध्ये असतात, आपले मिलिग्रॅममध्ये. ट्रायग्लिसराइड १६८ आणि एचडीएल ४२ असेल तर आपल्याकडे उत्तर ४ येते. तेच रक्त तिकडे १.९ आणि १.०९ असे छापले जाते आणि उत्तर १.७ निघते. मिलिग्रॅममधला ३ म्हणजे मिलिमोलमधला साधारण १.३, हे संदेशात कुठेच सांगितलेले नाही.

सर्वांत धोकादायक वाक्य एलडीएलचे आहे. रक्तातील एलडीएल उचलून घेणारी पेशींवरील प्रथिने जन्मतःच सदोष असलेल्या कुटुंबांत ट्रायग्लिसराइड ८५, एचडीएल ५५ आणि एलडीएल २१० असा रिपोर्ट सहज दिसतो. भागाकार १.५ येतो, इन्सुलिनचे काम उत्तम चाललेले असते, आणि तरीही हृदयाच्या धमन्या तरुण वयात अरुंद होत जातात. भात-पोळी अगदी कमी करून तुपा-लोण्यावर भर देणाऱ्यांपैकी काहींचेही असेच होते: भागाकार झपाट्याने सुधारतो आणि एलडीएल वर चढते. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर भागाकार काहीही असला तरी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

आकडा औषधाने खाली आणला म्हणजे धोका गेला, असेही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, टाइप २ मधुमेह असलेल्या रुग्णांचे ट्रायग्लिसराइड पेमाफायब्रेट या औषधाने सुमारे एक चतुर्थांशाने उतरले, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. उलट दिशेने, थायरॉइड मंदावले असेल, स्टेरॉइड चालू असतील किंवा रात्री मद्यपान झाले असेल तर ट्रायग्लिसराइड इतर कारणांनी वाढते, आणि मद्याने एचडीएलही वाढत असल्याने भागाकार वरून शांतच दिसू शकतो.

ज्या तपासण्यांवर पैसे घालवू नका असे म्हटले आहे, त्यांतील उपाशीपोटी साखर आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी फार महाग नाहीत, आणि कंबर मोजायला तर फक्त शिंप्याची टेप लागते. कपड्यावरून न मोजता, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरावी आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. पँटचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे, कारण पोट सुटलेले पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात.